फोटोवरून पास्ता तपासणे: आकार, शिजणं आणि पाकिटावरचं ‘ड्युरम’ – कामाच्या नोंदी

२ जून

पास्ता दोन वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत उकडला जातो आणि तो झाला की नाही हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे. मी एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते, म्हणून दुसऱ्या ठिकाणचे दादा फोटो पाठवतात आणि मी ‘काढा’ किंवा ‘अजून दोन मिनिटं’ असं कळवते. हा पास्ता उकडून, गार करून ठेवतात आणि नंतर सॉसमध्ये पुन्हा गरम करतात. त्यामुळे पहिल्या उकडीला तो थोडा आधीच काढावा लागतो. एखादं मिनिट चुकलं की वाढताना पेनेच्या नळ्या फाटलेल्या दिसतात.

फोटोवरून तीन गोष्टी कळायला हव्यात: आकार नेमका कोणता, तो किती शिजला, आणि पाकीट बदललं असेल तर नवा माल खरोखर ड्युरम, म्हणजे पास्त्याला लागणाऱ्या कडक जातीच्या गव्हाचा आहे का. पहिल्या दोन गोष्टी फोटोत दिसतात. तिसरी पास्त्याच्या फोटोत दिसतच नाही, पाकिटाच्या मागच्या बाजूच्या फोटोत दिसते.

५ जून

आतापर्यंत आलेले फोटो एकत्र पाहिले. सगळे भांड्याच्या वरून काढलेले: वाफ, चमक, फुगलेल्या नळ्या. त्यातला अर्धकच्चा कोणता आणि पूर्ण शिजलेला कोणता हे मला सांगता आलं नाही, आणि फोटो काढणाऱ्या दादांनाही नाही.

कारण साधं आहे. कोरडा पास्ता उकळत्या पाण्यात पडला की बाहेरचा थर पहिल्या काही मिनिटांतच पाणी पितो आणि तिथला स्टार्च फुलून मऊ, अर्धपारदर्शक होतो. फोटोत हाच थर दिसतो. पाणी आत सरकायला वेळ लागतो, म्हणून ‘झालं की नाही’ याचं उत्तर आत असतं. वरून एवढंच कळतं की पास्ता फारच पुढे गेलाय का: नळीची टोकं झालरीसारखी होणं, पट्ट्या पुसट होणं, तुकडे एकमेकांना चिकटून गोळा होणं. ही जास्त शिजल्याची लक्षणं आहेत. कमी शिजलेलं त्यातून ओळखू येत नाही.

वरून काढलेले फोटो बंद. यापुढे कापून फोटो.

९ जून

पेनेची एक नळी भांड्यातून काढली, धारदार सुरीने मधोमध आडवी कापली आणि कापलेली बाजू वर करून ठेवली. भिंतीच्या कडीत मध्यभागी पांढरी रेघ दिसली. बाहेरून आणि आतल्या पोकळीकडून, दोन्हीकडून पाणी आत येतं आणि जिथे ते अजून पोहोचलेलं नाही तिथे ही रेघ उरते. तिथला स्टार्च फुललेला नसतो, म्हणून तो प्रकाश विखुरतो आणि पांढरा दिसतो. आजूबाजूचा शिजलेला भाग पिवळसर, काचेसारखा दिसतो.

इटालियनमध्ये या पांढऱ्या भागाला ‘आनिमा’ म्हणजे आत्मा म्हणतात. आम्ही त्याला ‘गाभा’ म्हणू लागलो आणि तोच शब्द राहिला.

धान्यरसायनाच्या क्षेत्रात एक प्रमाण चाचणी आहे, क्रमांक ६६-५०. २५ ग्रॅम पास्ता ३०० मिली उकळत्या पाण्यात टाकायचा, थोड्या थोड्या वेळाने एक तुकडा काढून दोन पारदर्शक पट्ट्यांमध्ये दाबायचा आणि गाभा ज्या क्षणी नाहीसा होतो तो ‘इष्टतम’ वेळ धरायचा. दाताला थोडा लागणारा, म्हणजे अल देन्ते पास्ता यापेक्षा जरा आधी काढलेला असतो. आमचा पास्ता पुन्हा गरम होणार असल्यामुळे तो आणखी आधी काढावा लागतो. म्हणजे पाहायची खूण एकच, पण कोणत्या टप्प्यावर थांबायचं हे कामावर ठरतं.

पहिले छेद-फोटो पांढऱ्या प्लेटवर काढले होते. गाभा प्लेटमध्ये मिसळून गेला. काळा गुळगुळीत कापणफलक घेतला आणि रेघ लगेच उठून दिसली.

१० जून

आज दादांनी फार मेहनतीने फोटो पाठवला, पण कडीच्या मध्यात काळी रेघ. सोबत मेसेज: “ताई, हे आतून करपलंय का?”

त्यांनी तुकडा काचेवर ठेवून खालून दुसऱ्या मोबाईलच्या पडद्याचा प्रकाश सोडला होता. कल्पना मुळात चांगली आहे, प्रयोगशाळेतही असं करतात. फक्त प्रकाशाची दिशा बदलली की खूणही उलटी होते. वरून प्रकाश असेल तर न शिजलेला गाभा तो विखुरून परत पाठवतो आणि पांढरा दिसतो. खालून प्रकाश असेल तर तोच गाभा तो अडवतो आणि काळा दिसतो. करपण्याशी याचा काही संबंध नाही.

दोन्ही पद्धती चालतात, पण त्या एकत्र वापरल्या की गोंधळ होतो. आम्ही वरचा प्रकाश आणि काळा फलक ठरवला, कारण त्यासाठी वेगळी मांडणी लागत नाही. मागून प्रकाश फक्त स्पॅगेटीसाठी राखून ठेवला. तिची काडी इतकी बारीक असते की कापल्यावर गाभ्याचा ठिपका दिसणं कठीण जातं. तिला दोन काचपट्ट्यांत दाबलं की मधून गडद रेघ सरळ जाताना दिसते.

मोबाईलबद्दलही थोडं. फोन फार जवळ नेला की त्याची सावली तुकड्यावर पडते, आणि कित्येक फोन अशा वेळी आपोआप दुसऱ्या, रुंद कोनाच्या लेन्सवर जातात, मग कडा मऊ येतात. वीतभर लांब धरून दुपटीने झूम केलं की चित्र स्वच्छ मिळतं. तुकड्यावर बोट दाबून धरून प्रकाश आणि फोकस बांधून ठेवायचा, नाहीतर काळा फलक पाहून फोन सगळंच उजळ करतो आणि गाभा व शिजलेला भाग दोन्ही पांढरे होतात. फ्लॅश बंद. ओल्या कापावर त्याची चमक नेमकी गाभ्याच्या जागी पडते.

१३ जून

या कामात सर्वात जास्त वेळ या अडचणीत गेला.

फोटो स्वच्छ, प्रकाश ठीक, कडीत रेघ जवळपास नाही. मी कळवलं, ‘एक मिनिट जास्त झालं, पुढच्या वेळी लवकर काढा.’ पुढच्या खेपेला लवकर काढलेला पास्ता कच्चट लागला. पुन्हा फोटो, पुन्हा तेच. मी दोन्ही ठिकाणची घड्याळं, पाण्याचं प्रमाण, पास्ता टाकल्यावर पाणी परत उकळायला लागणारा वेळ, सगळं तपासलं. फरक कुठेच नव्हता.

मग दादांना विचारलं, “तुकडा काढल्यापासून फोटोपर्यंत काय काय करता?” ते म्हणाले, “चमच्याने काढतो, ताटलीत ठेवतो, हात पुसतो, मोबाईल शोधतो, मग कापतो.”

तेवढ्या वेळात गरम तुकड्याच्या आत काम चालूच होतं. बाहेरच्या थरात पाणी होतं, आत उष्णता होती, त्यामुळे गाभा ताटलीतच विरघळत गेला. फोटोत जो पास्ता दिसत होता तो भांड्यातला नव्हता, दोन-तीन मिनिटांनंतरचा होता. भांड्यातला तेव्हा खरंच कच्चा होता.

इलाज सापडला तो एका वाटीत बर्फाचं पाणी ठेवण्याचा. तुकडा काढल्याबरोबर त्यात काही सेकंद बुडवायचा, मग कापायचा. गव्हाचा स्टार्च साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात फुलू लागतो. तुकडा त्याच्या खाली गेला की गाभा जिथे आहे तिथेच थांबतो. फार वेळ बुडवून ठेवला तर बाहेरचा थर पाणी शोषून फुगतो, पण गाभ्याला धक्का लागत नाही. बर्फाचं पाणी वापरायला लागल्यापासून फोटो आणि चव यांचं जुळलं.

आमची प्रमाणपट्टी तयार झाली. एक: कडीत जाड पांढरा पट्टा, अजून कच्चा. दोन: बारीक पण सलग रेघ, पुन्हा गरम करायच्या पास्त्यासाठी इथे काढा. तीन: रेघ तुटून ठिपके, लगेच वाढायचा असेल तर इथे काढा. चार: काही नाही. एकाच तुकड्यावर निर्णय नाही. भांड्याच्या तळातून, मधून आणि वरून एकेक तुकडा घ्यायचा, तिघांचे छेद एका फोटोत. त्यात दोन तुकडे वेगवेगळ्या टप्प्यांवर असतील तर पास्ता आधी ढवळायचा, मग बोलायचं.

१७ जून

आज उकडलेल्या पास्त्याचा छेद सांगत होता की टप्पा एक, आणि पाकिटावरची वेळ तर संपून गेली होती. दादा म्हणाले पेने आहे. फोटोतही तिरकी टोकं दिसत होती. मग रिकाम्या पाकिटाचा फोटो मागितला. तो मोठ्या, जाड भिंतीच्या नळीचा दुसराच प्रकार निघाला. टोकं तिरकी कापलेली, पण व्यास मोठा. जुन्या पाकिटावरची वेळ डोक्यात ठेवून तो उकडला गेला होता.

शिजलेल्या पास्त्यावरून आकार ठरवायचा नाही. पाणी पिऊन सगळ्याच नळ्या फुगतात, लांबी-रुंदीचं गणित बिघडतं, पट्ट्या उथळ होतात. आकाराचा फोटो कोरड्या पास्त्याचा, मोजपट्टीशेजारी ठेवून. त्यात या क्रमाने पाहायचं:

टोक सरळ की तिरकं. तिरकं असेल तर पेने घराणं. सरळ असेल तर रिगातोनी किंवा झिती यांच्याकडे वळायचं. मग पृष्ठभागावर पट्ट्या आहेत का: पट्टेदार असेल तर ‘रिगाते’, गुळगुळीत असेल तर ‘लिशे’. मग व्यास, आणि शेवटी भिंतीची जाडी. वेळेचा संबंध सर्वात जास्त जाडीशी येतो. पाण्याला आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढत जातो, असं ढोबळमानाने धरता येतं. म्हणजे भिंत थोडीशीच जाड असली तरी मिनिटं बरीच वाढतात. पट्टेदार नळीत तर उंचवट्याजवळ भिंत जास्त जाड असते, म्हणून गाभ्याची रेघ तिथे शेवटपर्यंत टिकते.

नावांवर फार भिस्त ठेवू नये. अमेरिकेच्या नियमांत स्पॅगेटीचा व्यास ०.०६ ते ०.११ इंच, म्हणजे साधारण १.५ ते २.८ मिमी इतका मोठा पट्टा मोकळा ठेवलाय. त्याच नावाच्या दोन काड्या शिजायला कितीतरी वेगळा वेळ घेऊ शकतात.

१९ जून

फुसिली आणि फार्फाले यांची पाळी. नळ्यांवर बसवलेली पद्धत इथे चालली नाही.

फुसिली, म्हणजे बाजारात मिळणारा पिळाचा लहान तुकडा, आडवा कापला की तीन पात्यांची चांदणी दिसते. पाती पातळ, लवकर शिजतात. तिन्ही जिथे जुळतात तो मधला भाग जाड, आणि गाभा तिथेच उरतो. पात्याच्या टोकाजवळ कापलं तर पास्ता नेहमीच झालेला दिसतो. म्हणून फुसिलीचा छेद तुकड्याच्या मध्यावरून, आणि फोटोत चांदणीचा मध्य.

फार्फाले म्हणजे फुलपाखरू. मधल्या चिमटीत पीठ दुमडून दाबलेलं असतं, त्यामुळे तिथे जाडी पंखांच्या कितीतरी पट. पंख झाले तरी चिमटीत टप्पा एक, चिमटी झाली की पंख टप्पा चारच्या पुढे गेलेले. हे कितीही जपून केलं तरी टाळता येत नाही, आकारातच आहे. म्हणून त्यासाठी वेगळा नियम केला: छेद चिमटीतून, आणि तिथे ठिपका दिसला तरी काढायचा. पंखांना दाताने पाहायचं. फोटोला इथे मर्यादा आहे हे दादांनाही सांगून ठेवलं, कारण फोटोत ठिपका पाहून ते पुन्हा उकळायला टाकत होते.

२४ जून

नवा माल आला. स्वस्त पडला म्हणून घेतला गेला. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत ‘ड्युरम व्हीट’. दादांनी कोरड्या पास्त्याचा फोटो पाठवून लिहिलं, “एकदम पिवळाधमक आहे, आधीच्यापेक्षा भारी दिसतोय.”

जुन्या आणि नव्या पेनेचे तुकडे एका पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून, खिडकीच्या उजेडात फोटो घ्यायला सांगितला. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली साबणसुद्धा ड्युरम वाटेल. पांढरा कागद चौकटीत असला की रंग किती खोटा आहे ते कळतं.

नवा खरोखर जास्त पिवळा होता. जुना फिकट, जवळपास पिठूळ, खरबरीत. आणि जुना माल तर पूर्ण ड्युरमचा, हे मला ठाऊक होतं. म्हणजे रंगावरून केलेला निष्कर्ष उलटाच निघाला असता.

ड्युरमचा पिवळेपणा मुख्यतः ल्युटीन या रंगद्रव्याचा. पण रंग बदलणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. ब्राँझच्या साच्यातून काढलेल्या पास्त्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो, प्रकाश विखुरतो आणि माल फिकट, पांढुरका दिसतो. टेफ्लॉनच्या साच्यातून काढलेला गुळगुळीत आणि ठळक पिवळा. उच्च तापमानावर वाळवला तर लालसर-तपकिरी झाक येते. आणि रंगच घातलेला असू शकतो: घटक यादीत १०० क्रमांक म्हणजे कर्क्युमिन, १६०ए म्हणजे कॅरोटीन. अंडं असेल तर तेही पिवळं करतं.

कोरड्या तुकड्याच्या फोटोत कामाच्या गोष्टी वेगळ्या असतात. पांढरे ठिपके म्हणजे नीट न भिजलेले रव्याचे कण किंवा मिसळताना अडकलेली हवा. तपकिरी ठिपके म्हणजे कोंड्याचे कण. आणि केसासारख्या बारीक भेगा, प्रकाशासमोर धरल्या की दिसणाऱ्या, म्हणजे वाळवताना किंवा नंतर पडलेला ताण. असा पास्ता उकळताना तुटतो, मग तो कुठल्याही गव्हाचा असो. नव्या मालात भेगा नव्हत्या, रंग मात्र होता.

२५ जून

आता पाकीट. दादांना म्हटलं, “पुढची बाजू राहू द्या, मागची घटक यादी सपाट धरून फोटो काढा, एकही ओळ चमकेत जाऊ देऊ नका.”

पुढच्या बाजूला, नीट पाहिल्यावर, ‘ड्युरम व्हीटसह’ असं होतं. मागे क्रमाने: गव्हाचा रवा, ड्युरम गव्हाचा रवा ३० टक्के, रंग १६०ए. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून पहिलं नाव महत्त्वाचं. इथे पहिलं नाव साध्या गव्हाच्या रव्याचं आहे. खोटं काही लिहिलेलं नाही. ‘सह’ हा शब्द ३० टक्क्यांनीही खरा ठरतो.

आमची वाचायची रीत आता अशी. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ एवढंच, एकटं नाव असेल तर पूर्ण ड्युरम. नुसतं ‘रवा’ किंवा ‘सेमोलिना’ असेल तर देशावर अवलंबून. अमेरिकेच्या नियमात सेमोलिना म्हणजे ड्युरमचाच, पण इतर अनेक ठिकाणी साध्या गव्हाच्या जाड दळणालाही तोच शब्द लावतात. तिथे पुढे ‘ड्युरम’ लिहिलेलं नसेल तर ड्युरम धरायचा नाही. अमेरिकेतही पास्ता म्हणून विकायला फक्त ड्युरमचं बंधन नाही, इतर गव्हाचं पीठ वापरता येतं. म्हणून ‘पास्ता आहे म्हणजे ड्युरम असणारच’ हे गृहीत चालत नाही.

इटलीत कायदा कडक आहे. १९६७ च्या ५८० क्रमांकाच्या कायद्यापासून तिथे कोरडा पास्ता ड्युरमचाच असावा लागतो, आणि २००१ च्या १८७ क्रमांकाच्या हुकमानुसार साध्या गव्हाच्या पिठाची ३ टक्क्यांपर्यंतची भेसळ सहन केली जाते, कारण शेतात, गाडीत, गिरणीत थोडं मिसळतंच. पण १९८८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर बनलेला साध्या गव्हाचा पास्ता इटलीला अडवता येणार नाही. त्यामुळे इटालियन नाव, इटालियन झेंड्याचे रंग यावरून काहीच ठरत नाही. घटक यादीच पाहायची.

युरोपात आणखी एक सोय आहे: एखाद्या घटकावर पाकिटाच्या पुढे भर दिला असेल तर त्याचं प्रमाण टक्क्यांत लिहावं लागतं. ३० टक्के हा आकडा आम्हाला मिळाला तो अशाच प्रकारे. तो कुठेही न सापडणं म्हणजे प्रमाण जास्त आहे असं नव्हे.

२७ जून

प्रथिनांचा आकडा वाचायचा का, यावर वाद झाला. आमच्याकडच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, “१२ ग्रॅम प्रथिन आहे म्हणजे ड्युरम.” नाही. कडक साध्या गव्हातही १२-१३ टक्के प्रथिन असतं. आकडा प्रत सांगतो, जात सांगत नाही.

तरी आकडा उपयोगाचा आहे, फक्त कोणत्या मोजणीचा ते पाहायला हवं. इटालियन नियमात किमान १०.५ टक्के, पण तो कोरड्या वजनावर आणि मोजलेल्या नायट्रोजनला ५.७ ने गुणून काढलेला. युरोपीय पोषण तक्त्यात नायट्रोजनला ६.२५ ने गुणतात, आणि आकडा पाकिटातल्या मालाच्या, म्हणजे ओलाव्यासकट १०० ग्रॅमचा असतो. दोन्ही एका रेषेत आणायचे तर: ओलावा १२.५ टक्के धरा, १०.५ ला ०.८७५ ने गुणा, ९.१९ येतात. त्याला ६.२५ भागिले ५.७ ने गुणा, १०.०७. म्हणजे तक्त्यात सुमारे १० ग्रॅम असलेला पास्ता किमान मर्यादेवर उभा आहे. १३ ग्रॅम चांगला. ११ ग्रॅमचा पास्ता वाईट नाही, पण तो मऊ पडायला कमी वेळ घेईल हे धरून घड्याळ लावायचं.

जात खात्रीने ठरवायची तर प्रयोगशाळेतच. ड्युरममध्ये गुणसूत्रं २८, साध्या गव्हात ४२, आणि साध्या गव्हाचा जास्तीचा जनुकसंच डीएनए चाचणीत पकडता येतो. आमच्या कामात तेवढं लागत नाही.

१ जुलै

जुना पेने आणि नवा पेने एकाच वेळी दोन भांड्यांत उकडले. दोन्हीत १०० ग्रॅम पास्ता आणि तेवढंच पाणी, वेळ पाकिटावरची. दर मिनिटाला बर्फात बुडवून छेद.

जुन्यात टप्पा दोनची सलग रेघ सुमारे दोन मिनिटं टिकली. म्हणजे मेसेज यायला-जायला थोडा उशीर झाला तरी चालतो. नव्यात रेघ दिसली आणि तिसऱ्या टप्प्याला पोचायच्या आतच बाहेरची बाजू चिकट, पट्ट्या पुसट. गाभा असूनही कडा गेलेल्या. भांड्यातलं पाणी जास्त गढूळ, कारण ड्युरमची प्रथिनांची जाळी स्टार्चला जास्त घट्ट धरते. ही खूण पुरावा नाही, पातळ भिंतीचा किंवा भेगा असलेला ड्युरमही पाणी गढूळ करतो. पण छेदाच्या फोटोत गाभा शिल्लक असताना बाहेरची कड चिरलेली दिसली, तर त्या मालाला आमची पट्टी लागू पडत नाही एवढं नक्की कळतं.

वजनही घेतलं. टप्पा दोनला १०० ग्रॅमचा जुना पास्ता निथळून २०५ ग्रॅम भरला. टप्पा चारला २३० च्या वर. फोटो अंधुक आला तर हा आकडा मागायचा ठरवलं, कारण तराजू दोन्हीकडे आहे. फक्त निथळायचा वेळ दोन्ही ठिकाणी सारखा हवा, नाहीतर नळीत अडकलेलं पाणीच मोजलं जातं. नळ्या आडव्या-उभ्या हलवून अर्धा मिनिट.

नवा माल परत केला नाही, तो लगेच वाढायच्या पदार्थांसाठी वापरला. गार करून पुन्हा गरम करायला तो उपयोगाचा नव्हता.

६ जुलै

दादांच्या भिंतीवर आता हे लावलंय:

“पाकीट बदललं की आधी मागच्या घटक यादीचा आणि मोजपट्टीशेजारी कोरड्या तुकड्याचा फोटो. पाकिटावरच्या वेळेच्या तीन मिनिटं आधीपासून तपासणी. तळातून, मधून, वरून एकेक तुकडा. लगेच बर्फाच्या पाण्यात. जाड जागेवरून कापा: पेने मधून, फुसिलीची चांदणी, फार्फालेची चिमटी. काळा फलक, वरून उजेड, फ्लॅश बंद, कापलेली बाजू कॅमेऱ्याकडे.”

दादांनी खाली पेनाने भर घातली आहे: “बर्फ संपला तर फोटो पाठवू नये.” ती तशीच ठेवली.

अजून न सुटलेली गोष्ट म्हणजे अख्ख्या ड्युरमचा, कोंड्यासकट पास्ता. त्याचा छेद तपकिरी असतो, कोंड्याचे कण गाभ्याच्या रेघेत मिसळतात आणि टप्पा दोन-तीनमधला फरक फोटोत दिसत नाही. मागून प्रकाश सोडून पाहिला, गडद रेघ कोंड्यातच हरवली. सध्या त्याच्यासाठी वजन आणि दादांचा दात यांवरच काम चाललंय. पुढच्या आठवड्यात काचपट्ट्यांमध्ये दाबून, थोडा पातळ करून पाहणार आहे.